सुपारीच्या गोणीवर पडलेला थेंब

आमच्या दिवेआगरच्या घरात पाहुण्यांच्या पाच खोल्या आहेत, एक स्वयंपाकघर आहे, सुपारीची एक कोठी आहे आणि एक दीर आहे. पहिल्या तिघांची व्यवस्था मी याद्या करून ठेवते. चादरी किती, उशांचे अभ्रे किती, गॅसची टाकी कधी लावली, कुठल्या खोलीतला नळ ठिबकतो. दिराची यादी करता येत नाही. तो रोज नवीन काहीतरी दुरुस्त करतो.

दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या कामावर सुपरवायझर होता. मुदतीआधी निवृत्ती घेऊन गावी आला आणि बरोबर बंदर घेऊन आला. आमच्या घरी कुठलीही वस्तू हलवायची म्हटली, साधा फ्रिज सरकवायचा म्हटला, तरी तो आधी शिट्टी मारतो आणि हात वर करून बोटं फिरवतो, जणू वर क्रेनवाला बसलाय. फ्रिज ढकलणारी मात्र मी असते.

माझा नवरा याच्या अगदी उलट. वादळात आमची वाडी आडवी झाली, तेव्हा गावातले सगळे बोलत होते आणि हा एकटा पडलेल्या माडांची खोडं बाजूला ओढत होता. त्या पावसाळ्यानंतर त्याने सुपारीची रोपं लावली. रोपांना केळीची सावली दिली, स्वतः पाणी दिलं आणि बाकी वर्षानुवर्षं काही बोलला नाही. सुपारी घाई करत नाही. पाहुणे यायचे, जायचे, "काका, ही झाडं कसली?" विचारायचे. तो म्हणायचा, "सुपारी. अजून व्हायची आहे."

ती गेल्या हिवाळ्यात झाली. पहिलं पीक. फार नव्हतं, पण झाडावर लगडलेले ते केशरी घड बघून नवरा संध्याकाळचा चहा वाडीत उभ्याने प्यायला लागला. सुपारी अंगणात वाळत घातली, रोज वरखाली केली आणि वाळली तशी गोणीत भरून कोठीत रचली. सोलून काढलेली साल चुलीसाठी त्याच कोठीत, कोपऱ्यात. कोठीला कुलूप नसतं, पण त्या दिवसांत नवरा जेवायला बसताना कोठीच्या दाराकडे तोंड करून बसायचा.

माड पडल्याचा एक फायदा असा झाला, की छपरावर ऊन यायला लागलं. पूर्वी दुपारी बारालासुद्धा आमच्या छपरावर सावलीच असायची. आकाश मोकळं झाल्यावर दिराच्या मनात सोलर आलं. मी हिशेब करून हो म्हटलं, कारण पाहुण्यांना एसी लागतो. ते समुद्रावर येतात, समुद्राच्या वाऱ्याचं कौतुक करतात आणि मग खिडक्या लावून एसी चालू करतात. म्हसळ्याच्या एका फिटरने काम केलं. गल्फमध्ये बारा गावचं पाणी पिऊन आलेला, बोलायला गोड, फोन उचलायला कडू. पॅनल स्वयंपाकघर आणि कोठीच्या पत्र्यावर बसवले, इन्व्हर्टर पडवीच्या भिंतीवर. वर्षभर सगळं बरं चाललं.

अडचण आली ती पोहण्याच्या कपड्यांची.

पडवीतला इन्व्हर्टर नेमका खांद्याच्या उंचीवर होता. पाठीमागे धातूच्या पट्ट्या असल्यामुळे जरा गरम. समुद्रातून आलेल्या पाहुण्याला आणखी काय हवं? एकाने ओली चड्डी अडकवली, ती अर्ध्या तासात वाळली, त्याने दुसऱ्याला सांगितलं. पुढच्या शनिवारपर्यंत इन्व्हर्टर दिसेनासा झाला. मी पाटी लावली. पाटीवर टॉवेल टाकले गेले.

"वहिनी, हा आतच घेऊ," दीर म्हणाला. "कोठीत. तिथं कोण येतंय वाळत घालायला?"

"कोठीत सुपारी आहे भाऊजी."

"सुपारी सुपारीच्या जागी, इन्व्हर्टर भिंतीवर. त्याला काय सुपारी खायची आहे का?"

मी फिटरला बोलवा म्हटलं. दिराने फोन लावला, तिकडून "कल पक्का आता हूं" आलं. हा उद्या महिनाभर चालला. मी एका लग्नासाठी दोन दिवस पेणला गेले, तेवढ्यात दिराने एकट्याने काम उरकलं. परत आले तर इन्व्हर्टर कोठीच्या भिंतीवर होता आणि दीर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला होता, सत्काराची वाट बघत.

आता पडवीत उतरणारी वायर कोठीच्या भिंतीपर्यंत पुरणार कशी, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर तयार होतं. फोनवरून मागवलेली तयार एक्स्टेन्शन वायर, एक लाल, एक काळी, दोन्ही टोकांना कनेक्टर लावूनच आलेली. हे कनेक्टर म्हणजे अंगठ्याएवढे काळे प्लग. एक नर, एक मादी. एकमेकांत ढकलले की दोन्ही बाजूंचे चाप खट्ट करून अडकतात. घरातला साधा प्लग ओढला की निघतो, हा निघत नाही, दाबून सोडवावा लागतो.

"बघा," म्हणत दिराने हातातले उरलेले दोन तुकडे जोडून दाखवले. खट्ट. "ऐकलं? सेम टू सेम. जुन्या वायरचा प्लग एका कंपनीचा, ही वायर दुसऱ्या कंपनीची, पण बघा कसा बसला. पाकिटावरपण लिहिलंय, सगळ्यांना चालतो."

"पाकीट छापणारा तसंच लिहिणार ना."

"वहिनी, तुम्ही बंदर नाही बघितलं." हे वाक्य आलं की मी हातातलं काम घेऊन बसते, कारण पुढे बराच वेळ जातो. "कंटेनर चीनचा, जहाज कुठलं, ट्रेलर पनवेलचा, लॉक जर्मनीचा. कोपऱ्याच्या भोकात लॉक गेला, फिरवला, झालं! एवढ्या वर्षांत मी एकदा तरी विचारलं का, बाबा तुझी कंपनी कोणती? जगाचा माल त्याच्यावर चाललाय. आणि तुम्हाला एका बोटभर प्लगची काळजी!"

इथपर्यंत त्याच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती. पुढे त्याने जे केलं, ते मात्र बंदरातलं नव्हतं, इथलंच होतं. आमच्याकडे खाऱ्या हवेपुढे काहीच टिकत नाही, म्हणून जे दिसेल त्याला प्लास्टिकची पिशवी बांधायची रीत आहे. मोटरच्या स्विचला पिशवी, स्कूटरच्या सीटला पिशवी, अंगणातल्या दिव्याला पिशवी. दिराने दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्या जोडांवर घट्ट गुंडाळल्या, वर चिकटपट्टीचे वेढे दिले आणि ती दोन बोचकी कोठीच्या वाशाला लटकवून टाकली. खाली नवऱ्याच्या गोणी.

"आता मीठ लागायचं नाही," तो म्हणाला.

त्यानंतर दीर रोज दुपारी जेवताना फोनवर सोलरचं ॲप उघडून दाखवायचा. आज एवढी वीज झाली, काल तेवढी. आलेख छान डोंगरासारखा वर चढायचा, दुपारी माथ्यावर, संध्याकाळी खाली. "कमी झाली का एक युनिटपण? नाही ना? मग!" नवरा मान हलवायचा आणि भात कालवायचा.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, मी कोठीत जादाच्या गाद्या काढायला गेले. दुसऱ्या दिवशी पुण्याचा मोठा गट यायचा होता आणि माझ्या यादीत चार गाद्या कमी पडत होत्या. दार उघडलं आणि वास आला. कुकरचं हँडल गॅसच्या ज्योतीला लागलं की येतो ना, तसा. मी आधी स्वयंपाकघरातच परत गेले. तिथे काही नव्हतं. परत कोठीत आले तर वास तिथेच होता, आणि नुसता तिथे नाही, वर होता.

वर बघायच्या आधी मला खाली दिसलं. वरच्या थरातल्या एका गोणीवर काळा थेंब पडलेला होता. रुपयाएवढा, चकचकीत. बोट लावलं तर कडक होता. पण त्याच्या शेजारीच दुसरा होता, आणि तो अजून मऊ होता.

मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, थेंब बघितला, वर बघितलं आणि काही न विचारता पहिली गोणी पाठीवर घेतली. एवढ्यात दीर आला.

"काय झालं, काय झालं?"

"भाऊजी, तुमची पिशवी वितळतेय."

दुधाची पिशवी आकसून तपकिरी झाली होती. दिराने स्टूल ओढलं, वर चढून पट्टी फाडली. आतला प्लग दिसला. काळं प्लास्टिक एका बाजूने फुगलं होतं, मधली फट तोंड वासून होती आणि कडा भाजलेल्या वांग्यासारख्या सुरकुतल्या होत्या. दुसरा जोड मात्र शेजारीच लटकत होता, धडधाकट, नवा कोरा. मला त्याचाच जास्त राग आला.

दीर माणूस कामाचा आहे. "थांबा, खेचून काढतो," म्हणत त्याने दोन्ही हातांनी वायर धरली.

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की पडवीतल्या पाहुण्याने "आम्ही काही नाही केलं" असं आवाज देऊन सांगितलं.

"अहो, पण जळतंय ते!"

"चालू आहे ते! बाहेर ऊन बघा. खेचलंत तर ठिणगी नाही, जाळ होईल, तोंडासमोर. आणि खाली काय आहे ते बघा."

खाली सुपारी होती, गोणपाट होतं, कोपऱ्यात सालीचा ढीग होता आणि तिथून वाकून दुसरी गोणी उचलणारा त्याचा भाऊ होता. दिराने हात सोडले.

हे मला कळलं ते काही माझ्या हुशारीमुळे नाही. फिटरने पहिल्या दिवशी इन्व्हर्टरवर कागद चिकटवला होता: बंद करताना आधी घरच्या बाजूचा स्विच, मग खालचा गोल खटका, आणि मगच बाकी काही. शिवाय त्या प्रत्येक प्लगच्या अंगावर इंग्रजीत कोरलेलं असतं की चालू असताना सोडवू नका. कंटेनरच्या पाठीवरचे लांबलचक नंबर दुरून वाचणाऱ्या माणसाला हे नाकासमोर दिसलं नाही, कारण त्यावर दुधाची पिशवी होती.

मी बोर्डावरचा स्विच पाडला, मग इन्व्हर्टरचा गोल खटका फिरवला. त्यावरचा आकड्यांचा स्क्रीन विझला. वायरमधून वाहणारा करंट थांबला की जोड तापायचं कारणही थांबतं. मी तिथेच उभी राहिले, हातात वाळूची बादली घेऊन. पॅनलवर ऊन असतं तोवर वायरीत व्होल्ट असतातच, म्हणून त्यावर पाणी टाकायचं नसतं, आणि आमच्याकडे वाळूची टंचाई नाही. वास हळूहळू विरला. तोवर नवऱ्याने सगळ्या गोणी तीन नंबरच्या खोलीत नेऊन ठेवल्या होत्या. समुद्र दिसणारी, एसीवाली, दुसऱ्या दिवशी पुणेकरांना दिलेली खोली.

"अहो, त्या खोलीचं बुकिंग आहे," मी म्हटलं.

"सुपारीचं आहे," तो म्हणाला, आणि खोलीची चावी खिशात टाकली.

फिटरला मी त्या जोडाचा फोटो पाठवला. महिनाभर उद्या येणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी हजर झाला. जळलेली वस्तू बघायला माणसं लवकर येतात.

"तौबा, तौबा," त्याने कोठीत मान वर करून म्हटलं आणि मग दिराकडे वळला. "साहेब, हे कोणी केलं? दोन कंपन्यांचा माल जोडला? हे चालत नाही साहेब. अजिबात नाही. आणि वरून पिशवी! त्याला हवा पण नाही, गरमी जाणार कुठं?"

दीर म्हणाला, "बसला तर व्यवस्थित होता."

"बसतो ना! तोच तर लोचा आहे."

फिटर आधी छपरावर गेला. वरचा जोड सोडून खालची वायर मोकळी केली, मीटरने तपासली, आणि मग खाली येऊन जळालेला जोड कापून काढला, कारण तो आता सुटत नव्हता, दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटून बसले होते. ते त्याने ओट्यावर ठेवून करवतीने उभे चिरले. दुसरा, न जळालेला जोडही चिरला. मला असं चिरून दाखवलेलं आवडतं, मासा असो की प्लग.

आत बघितल्यावर कळलं की खट्ट आवाज करतं ते बाहेरचं प्लास्टिक. वीज जाते ती आतल्या धातूच्या पिनेतून, आणि ती पिन समोरच्या नळीत बसते. नळीच्या आत बारीक स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात, त्यांनी पिनेला सगळीकडून घट्ट धरायचं असतं. एका कंपनीची पिन केसभर बारीक, दुसरीची स्प्रिंग केसभर सैल, एकीचा मुलामा वेगळा, दुसरीचं प्लास्टिक उन्हात वेगळं फुगणारं. बाहेर सगळं जुळलेलं, आत पिन नळीला दोन-तीन ठिकाणी जेमतेम टेकलेली. त्या टेकलेल्या जागेतून पॅनलचा सगळा करंट जायचा. जागा चिंचोळी, म्हणून तिथे अडथळा, अडथळा म्हणून उष्णता. दिवसा तापायचं, रात्री थंड व्हायचं. दर वेळी स्प्रिंग थोडी आणखी सैल, धातूवर काळपट थर थोडा आणखी जाड, म्हणून दुसऱ्या दिवशी थोडं जास्त तापायचं. दोन कंपन्यांच्या रबराच्या चकत्याही एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्या फटीतून खारी हवा आत गेलीच होती, आणि मग वरून पिशवी बांधून ती आत जपून ठेवली होती.

"पण मग वीज कमी का नाही झाली?" दिराने ॲप काढलं. "हे बघा ना, फुल आहे!"

"साहेब, तीनशे व्होल्टची लाइन आहे. त्यातले दोन-तीन व्होल्ट इथं अडकले तर तुमच्या आलेखाला काय कळणार? पण तेवढी ताकद या अंगठ्याएवढ्या जागेत कोंडली की झालं. डाग लावायची गरम सळई असते ना, सोल्डरची? तशीच ही. तुमच्या वाशाला लटकवलेली."

दीर त्या चिरलेल्या तुकड्यांकडे बघत बसला. "आमच्या लॉकला असं कधी..."

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्या कंटेनरचं माप सगळ्या जगाने एकत्र बसून ठरवलं, म्हणून कोणाचाही कोणालाही लागतो. इथे कोणी बसलंच नाही. एकाने बनवलं, बाकीच्यांनी बघून बनवलं. आणि पाकिटावर 'सगळ्यांना चालतो' हे ज्याने विकलं त्याने लिहिलंय. ज्याच्या प्लगला लावायचा, त्याला कोणी विचारलं?"

फिटर खूश होऊन मान डोलावत होता. "ताई बरोबर बोलल्या. एक कंपनी, एक मॉडेल, दोन्ही तुकडे. हा नियमच आहे." मग त्याने आपली पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि मूठभर सुटे कनेक्टर काढून ओट्यावर ओतले. "चला, आत्ता पाच मिनिटात नवीन टाकून देतो."

मी चष्मा लावला. एकावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, तिसऱ्यावर नुसताच बाण, चौथ्यावर काहीच नाही.

"हे कुठल्या कंपनीचे?"

"मिक्स आहेत. पण ताई, हे चालतात. सेम टू सेम."

दीर आधी त्या ढिगाकडे, मग फिटरकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर बंदरातलं तेज परत येत होतं.

"वर छपरावर जो जोड सोडलात," मी विचारलं, "पॅनलची वायर आणि तुमची वायर जिथे मिळते, तिथे काय लावलंय?"

"तिथं... तिथं एकदम ओके आहे. वर्ष झालं ना, काही झालं का?"

"फोटो काढून आणा. चारही तुकड्यांचा. नाव दिसेल असा."

तो गेला, आला आणि फोन पुढे केला तो जरा लांबूनच. पॅनलला कारखान्यातून लागून आलेले प्लग एका कंपनीचे होते आणि त्यात बसवलेले फिटरचे प्लग दुसऱ्या. एक जोड स्वच्छ होता. दुसऱ्याच्या तोंडाशी हलकी तपकिरी कड आली होती, करपायच्या आधी दुधाला येते तशी. तिथे वारा लागत होता आणि पिशवी नव्हती, एवढंच काय ते नशीब.

"तौबा, तौबा," माझा दीर अगदी हळू म्हणाला. "साहेब, हे कोणी केलं?"

फिटरने कपाळाचा घाम पुसला. "ताई, सच बोलू का? मार्केटमध्ये सगळे असंच करतात. पॅनलवाला एक देतो, दुकानदार दुसरा देतो. कोण बघतो?"

"बघायला मी आहे," मी म्हटलं. "आणि सगळे करतात ते मला सांगू नका. सगळ्यांची सुपारी माझ्या कोठीत नाही."

मग मी काय करायचं ते ठरवलं, आणि त्यात विशेष काही नव्हतं. पॅनलच्या बाजूला पॅनलवर आहे तीच कंपनी, तेच मॉडेल. नसेल मिळत तर पॅनलवाल्याला विचारून, त्याने लेखी हो म्हटल्यावरच पुढचं. इन्व्हर्टरच्या बाजूला इन्व्हर्टरच्या कंपनीचेच नवे प्लग, कारण खोक्यात आलेले बिचारे जोडासकट चिरले गेले होते. वायरीवर पिना दाबायच्या त्या त्यांच्या पक्कडीने, दाढेने नाही. मध्ये जोड एकही नाही. पिशवी एकही नाही. तोवर खटका बंद.

फिटर म्हणाला, तेच मॉडेल पनवेलला मिळालं तर मिळेल. मी म्हटलं, मग पनवेलला जा. दीर म्हणाला, मी बरोबर जातो, नावं मी वाचतो. दोघे एकाच स्कूटरवर गेले, वाटेत भांडत. परतले ते मित्र होऊन, पण सीलबंद पाकीट घेऊन.

पुणेकरांना मी सांगितलं की तीन नंबरच्या खोलीत काम चालू आहे, तुम्हाला दोन खोल्यांत गाद्या टाकून देते. गाद्या चार कमी होत्या त्या कमीच राहिल्या. रात्री त्यांच्यातल्या एका बाईने बंद दाराच्या फटीतून वास घेतला आणि मला विचारलं, "इथे काही आयुर्वेदिक ट्रीटमेंट देता का?"

मी म्हटलं, "हो. मालकांना."

मात्र एक गोष्ट उरली होती, आणि ती नवऱ्याने काढली. वायर दुरुस्त झाल्यावर फिटर इन्व्हर्टर पुन्हा चालू करणार, तेवढ्यात नवरा कोठीच्या दारात उभा राहिला.

"हा इथे नको."

"दादा, आता जोड पक्का झालाय," दीर म्हणाला. "एका कंपनीचा. मी स्वतः नावं वाचली."

"असेल. इथे नको."

"अरे, पण मग ठेवायचा कुठं? पडवीत ठेवला की लोक चड्ड्या..."

नवरा वाडीत गेला. काथ्याची दोरी घेऊन आला, अंगणातल्या वादळातून वाचलेल्या दोन माडांना ती ताणून बांधली, हाताने ओढून पाहिली आणि आत येऊन हात धुतले. एवढंच. कपडे वाळत घालायची एक दोरी. पाहुण्यांसाठी पाच खोल्यांच्या घरात मी साबणाच्या वड्यांपासून छत्र्यांपर्यंत सगळं पुरवलं होतं, पाट्या लावल्या होत्या. दिराने इन्व्हर्टर उचलून आत नेला होता, फिटरने महिनाभर उद्या येतो म्हटलं होतं आणि सुपारी जळायची वेळ आली होती, ती समुद्राकाठच्या घराला दोरी नव्हती म्हणून.

इन्व्हर्टर पडवीत जुन्या जागी गेला. जुनी वायर तिथपर्यंत पुरतच होती. एक्स्टेन्शन लागलीच नाही. दिराने ती गुंडाळून ठेवली आहे. कशाला तरी लागेल म्हणतो. मी त्या गुंडाळीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: सोलरला नाही.

इन्व्हर्टर चालू केल्यावर भर दुपारी फिटरने छपरावर चढून, जोडांपासून हात लांब ठेवून, तापमान दाखवणारी बंदूक रोखली. जोड आणि शेजारची वायर, दोन्ही सारखीच गरम होती, म्हणजे ऊन लागल्याइतकी. नवऱ्याने खालून विचारलं, "किती?" फिटरने आकडा सांगितला. आमच्या घरात याआधी नवऱ्याने एकाच आठवड्यात आपणहून दोनदा तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. त्यानंतरच त्याने तीन नंबरची चावी खिशातून काढली आणि गोणी परत कोठीत नेल्या. ज्या गोणीवर थेंब पडले होते, ती त्याने बदलली नाही. काळे डाग समोर येतील अशी ती सगळ्यात पुढे ठेवली. दिराला रोज दिसावी म्हणून, असं मी समजते. त्याने तसं म्हटलेलं नाही.

पुढच्या शनिवारी ठाण्याचं एक कुटुंब आलं. संध्याकाळी समुद्रावरून परतताना त्यातल्या गृहस्थांनी अंगणातल्या दोरीकडे पाहिलं, ती दहा पावलं लांब आहे हे जोखलं आणि हातातला ओला टॉवेल सवयीने इन्व्हर्टरवर टाकला. माझा नवरा, जो पाहुण्यांशी सहसा बोलत नाही, पडवीच्या पायरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. त्याने मान वर केली.

"तिथे नाही," तो म्हणाला. "तो पुन्हा आत न्यावा लागतो."

गृहस्थांना काही समजलं नाही, पण त्यांनी टॉवेल उचलला. नवऱ्याने कातरलेली सुपारी तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरली. "घ्या. पहिल्या पिकाची आहे."